गोणपाटातला वाफसा : सोयाबीनची उगवण पेरणीआधी घरी कशी तपासावी

मे महिना संपत आला की घरात थप्पी लावून ठेवलेल्या सोयाबीनकडे लक्ष जातं. पोत्यात हात घालून मूठभर दाणे काढले तर सगळेच पिवळेधमक आणि टपोरे दिसतात. त्यातला जिवंत कोणता आणि मेलेला कोणता, हे मात्र पाहून कळत नाही. सोयाबीनची साल पातळ असते आणि अंकुर अगदी सालीला लागून असतो. मळणी यंत्राचा मार बसला किंवा पोतं उंचावरून आपटलं, तर बाहेरून काही न दिसता आतला अंकुर दुखावतो. म्हणून घरचं बी वापरायचं असेल तर पेरणीच्या आठ-दहा दिवस आधी उगवण तपासावी. खर्च काही नाही, एक जुनं पोतं लागतं. शिवाय बी उगवतं म्हणजे नेमकं काय होतं, हे त्या पोत्याच्या गुंडाळीत उघड्या डोळ्यांनी बघायला मिळतं.

दाणे निवडू नका, मोजा

पाच-सहा पोती असतील तर प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून थोडं थोडं बी काढा आणि एकत्र कालवा. त्यातून डोळे मिटून घेतल्यासारखे १०० दाणे मोजा. असे तीन वाटे करा. इथे बहुतेकांचा हात नकळत चांगल्या दाण्यांकडे जातो. पेरताना तिफण निवड करत नाही, तेव्हा आपणही करायची नाही.

पोतं भिजवा आणि पिळा

सुताचं नव्हे, तागाचं गोणपाट घ्या. खताचं किंवा औषधाचं नको. स्वच्छ धुऊन त्याचे सहा चौकोनी तुकडे कापा, पाण्यात बुडवा आणि घट्ट पिळा. हाताला ओलं लागलं पाहिजे, पण धरून ठेवल्यावर थेंब गळता कामा नये. सगळ्या कामात हीच एक पायरी खरी महत्त्वाची आहे.

बियाला पाणी लागतं ते किती थोडं, याचा हिशोब केला की नवल वाटतं. सोयाबीनच्या १०० दाण्यांचं वजन साधारण १२ ग्रॅम धरा. मोड फुटायला दाण्याला आपल्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी पुरतं. म्हणजे १०० दाण्यांना सहा ग्रॅम, चहाच्या चमच्यापेक्षा जरासं जास्त. ते पाणी आत गेलं की इतके महिने कोरडी पडलेली विकरं कामाला लागतात आणि दाण्याच्या दोन डाळींत साठवलेलं तेल आणि प्रथिनं फोडून अंकुराला खाऊ घालतात.

दाणा फुगला म्हणजे तो जिवंत आहे, असं मात्र समजू नका. कोरडा स्पंज जसा पाणी शोषतो, तसाच मेलेला दाणाही शोषतो आणि छान फुगतो. पहिल्या दिवशी दोघांत फरक दिसत नाही. फरक कळतो तो मोड फुटताना.

मग सरळ वाटीत पाणी घेऊन दाणे रात्रभर भिजत घातले तर? मटकीला आपण तेच करतो. सोयाबीनला ते मानवत नाही. पातळ सालीतून पाणी एकदम घुसतं, आतल्या पेशी सावरायच्या आत फाटतात आणि त्यांतला रस पाण्यात उतरतो. वाटीतलं पाणी पिवळट, गढूळ दिसायला लागतं ते त्यामुळे. चांगलं बीही असं भिजवून खराब करता येतं आणि मग दोष बियाच्या नावावर जातो. ओल्या गोणपाटातून पाणी हळूहळू मिळतं, हा त्याचा मोठा फायदा.

ओळी लावा, झाका, गुंडाळा

एक तुकडा जमिनीवर पसरा. त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी लावा, दोन दाण्यांत दीड-दोन सेंटिमीटर अंतर ठेवून. दाणे चिकटून ठेवले तर एकाची बुरशी शेजाऱ्याला लागते. वरून दुसरा ओला तुकडा अंथरा आणि सतरंजीसारखी गुंडाळी करा. फार आवळू नका. अशा तीन गुंडाळ्या होतील.

आता मोह होतो तो ओल टिकावी म्हणून गुंडाळी प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधण्याचा. मी एकदा ते केलं होतं. चौथ्या दिवशी पिशवी उघडली तर आंबूस वास आला आणि दाणे बोटांनी दाबले की पिठासारखे फुटत होते. त्याच पोत्यातलं बी दुसऱ्यांदा मोकळ्या गुंडाळीत लावलं, तर बरं उगवलं. बियाला पाण्याइतकीच हवा लागते, हे मी वाचून शिकलो नाही, त्या वासाने शिकलो.

उगवणारं बी श्वास घेत असतं, आणि तोही जोरात. मटकीला मोड येताना पुरचुंडीत बोट खुपसून बघा, आत कोमट लागतं. साठवलेलं अन्न जाळून शक्ती काढायची तर प्राणवायू हवा, आणि सोयाबीनमध्ये तेल भरपूर असल्याने तो जास्तच लागतो. हवेत जो प्राणवायू सहज पसरतो, तोच पाण्यातून सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. दाण्याभोवती पाण्याचं जाड आवरण राहिलं, की भोवती सगळीकडे हवा असूनही दाणा गुदमरतो. भाताचं बी पाण्याखालीही कोंब वर काढू शकतं, म्हणून कोकणात चिखलावर मोड आलेलं भात फेकून पेरता येतं. सोयाबीनकडे ती युक्ती नाही.

यासाठी आपल्याकडे एक नेमका शब्द आहे : वाफसा. मातीच्या कणांना ओल धरून आहे आणि कणांमधल्या जागेत हवा खेळते आहे, अशी अवस्था. पिळलेल्या गोणपाटात आपण तोच वाफसा हाताने तयार करतो.

गुंडाळी कुठे ठेवायची

सावलीत, घराच्या आतल्या खोलीत. २५ ते ३० अंश तापमान सोयाबीनला मानवतं. मेच्या शेवटी मराठवाड्या-विदर्भात पत्र्याखाली ४० च्या वर पारा जातो, तिथे ठेवलं तर बी उकडतं आणि गोणपाटही दुपारपर्यंत वाळतं. पाण्याच्या माठाजवळचा कोपरा उत्तम. उलट कुणी ही चाचणी डिसेंबर-जानेवारीत केली तर आठवड्याचं काम लांबतं, कारण थंडीत विकरं सुस्तावतात. बी मेलेलं नसतं, फक्त मंदावलेलं असतं. अशा वेळी लवकर निकाल लावून बियाला नापास करू नये.

रोज सकाळ-संध्याकाळ गोणपाटाला हात लावा. कोरडं वाटलं तर पाणी शिंपडा, ओतू नका. मोड फुटायच्या आधी दाणा थोडा वाळला तर तो पुन्हा सावरू शकतो. एकदा का पांढरं मूळ बाहेर आलं, की माघार नाही. तेव्हा कोरडं पडलं तर टोक तपकिरी होऊन मरतं. पाऊस ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका, असं जे दरवर्षी सांगतात, त्याच्या मुळाशी हेच आहे. पहिल्या सरीवर पेरलेलं बी मूळ काढून बसतं, वरची माती सुकते आणि दुबार पेरणी येते.

अंधाराचं काय

गुंडाळीच्या आत उजेड नाही, तरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोड दिसतात. लहान मुलं हमखास विचारतात, झाडाला ऊन लागतं मग याला का नाही? उजेड लागतो तो पानात अन्न तयार करायला. बियाला अजून पान नाही आणि गरजही नाही, कारण आईने बांधून दिलेली शिदोरी दोन डाळींत भरलेली आहे. जमिनीत काही मिलिमीटर खाली उजेड पोचतच नाही. मोठ्या बियाने उजेडाची वाट पाहिली असती तर ते कधीच उगवलं नसतं.

उलट अंधार हीच रोपाला खूण असते की आपण अजून मातीखाली आहोत. पाचव्या दिवशी एक रोप अलगद उचलून बघा. देठ पांढरा, लांब, आणि वरच्या टोकाला खाली वाकलेला, छत्रीच्या मुठीसारखा. हा वाकलेला भाग माती फोडतो आणि डाळी त्याच्यामागून ओढल्या जातात, म्हणजे कोवळं टोक घासत नाही. उजेड दिसला की बाक सरळ होतो, डाळी उघडतात आणि हिरव्या होतात. पेरणीनंतर जोराच्या पावसाने जमिनीवर पपडी धरली तर याच बाकाशी रोपाची मान मोडते. आणि बी तीन-चार सेंटिमीटरपेक्षा फार खोल पडलं, तर वर यायच्या आत शिदोरी संपते.

शिदोरी संपल्यावर अंधार चालत नाही. नवरात्रातला घट आठवा. देवघराच्या कोपऱ्यात धान्य किती भराभर वाढतं, आणि किती पिवळं! ती वाढ उजेड शोधण्यासाठी चाललेली धावपळ असते.

अपवादही आहेत. सॅलडची पानं देणारं लेट्यूस किंवा तंबाखू यांचं बी इतकं बारीक असतं की शिदोरी नावापुरतीच. अशा बियांना उजेड लागला तर उगवण चांगली होते, म्हणून ती मातीत न पुरता वरच भुरभुरतात.

मोजणी आणि हिशोब

सातव्या दिवशी गुंडाळ्या उलगडा. मूळ धड, देठ धड आणि दोन्ही डाळी जागेवर, अशीच रोपं मोजा. नुसता टोकदार मोड निघून थांबलेली, डाळ तुटलेली, मूळ कुजलेली मोजायची नाहीत. फुगून बुळबुळीत झालेले दाणे मेलेले. सगळ्याच गुंडाळीला वास येत असेल तर दोष पाण्याचा आहे, चाचणी पुन्हा करा. तीन गुंडाळ्यांत फार तफावत आली तरीही पुन्हा करा.

समजा तीन वाट्यांत ६६, ६१ आणि ६८ रोपं निघाली. बेरीज १९५, सरासरी ६५ टक्के. सोयाबीनचं एकरी ३० किलो बियाणं सांगतात ते ७० टक्के उगवण धरून. तेव्हा ३० गुणिले ७० भागिले ६५, म्हणजे ३२.३ किलो. एकरी सव्वादोन-अडीच किलो जास्त पेरलं की भरपाई होते. ६० टक्के आली तर हाच हिशोब ३५ किलोवर जातो. त्याच्या खाली असेल तर मी ते बी पेरत नाही. कारण अशा बियातले जे दाणे गोणपाटात कसेबसे उगवले, त्यांच्यात माती फोडायची ताकद बहुधा नसते. गोणपाटाला पपडी धरत नाही, शेताला धरते.