लग्नानंतर आडनाव बदललं, पण कर्जाचा इतिहास माहेरीच राहिला

आपल्याकडे लग्नानंतर फक्त आडनाव बदलत नाही, मधलं नावही बदलतं. समजा, लग्नाआधीचं नाव स्नेहा विलास जाधव आणि नंतरचं स्नेहा रोहन कुलकर्णी. संगणकाच्या नजरेने पाहिलं तर तीनपैकी दोन शब्द वेगळे, म्हणजे या दोन वेगळ्या बायका. काही घरांत पहिलं नावही बदलतात, मग तर जुळवायला जन्मतारखेखेरीज फारसं काही उरत नाही.

ही स्नेहा २०२५ मध्ये नवऱ्यासोबत गृहकर्जासाठी अर्ज करते. तिच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये २०१९ पासूनचं एक क्रेडिट कार्ड दिसतं, पण २०१६ साली घेतलेलं आणि २०२१ मध्ये पूर्ण फेडलेलं शैक्षणिक कर्ज दिसतच नाही. कारण साधं आहे. कर्ज घेताना ती अठरा वर्षांची होती, तिच्याकडे पॅन नव्हतं आणि बँकेने तेव्हा मतदार ओळखपत्रावर काम भागवलं. कार्ड मात्र पॅनवर निघालं आणि लग्नानंतर त्यावरचं नाव बदललं. सगळ्यांच्या कर्जांच्या नोंदी ठेवून हा रिपोर्ट बनवणाऱ्या क्रेडिट कंपनीकडे एकाच बाईच्या दोन फायली झाल्या: एक जाधव, एक कुलकर्णी. पाच वर्षं वेळेवर भरलेले हप्ते त्या जाधव फायलीत पडून आहेत.

दुरुस्तीला हात घालण्याआधी एक गैरसमज दूर करू. रिपोर्टमध्ये जुनं नाव दिसणं ही चूक नाही. कर्ज जाधव नावाने घेतलं आणि फेडलं असेल, तर ते तसं दिसलं तरी चालतं. सगळी खाती एकाच पॅनखाली आणि एकाच फायलीत आली पाहिजेत, एवढंच आपल्याला हवं आहे. आडनाव बदललं तरी पॅन क्रमांक बदलत नाही. म्हणून नव्या नावाने नवं पॅन कधीही काढू नका. दोन पॅन बाळगणं बेकायदा आहे, शिवाय रिपोर्टचे तुकडे पडायची ती हमखास वाट आहे.

आधी कागद

विवाह नोंदणीचा दाखला काढून घ्या. नुसतं आडनाव आणि मधलं नाव बदललं असेल तर बहुतेक ठिकाणी तो पुरतो. पहिलं नावही बदललं असेल तर महाराष्ट्र शासन राजपत्रात नावबदलाची जाहिरात देणं बरं, कारण दाखल्यावरून ‘स्नेहा’ची ‘सई’ झाली हे सिद्ध होत नाही.

मग आधार. त्यात नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा स्पेलिंग आणि मधलं नाव पूर्ण लिहायचं की आद्याक्षर, हे घरी ठरवूनच केंद्रावर जा. आधार झालं की पॅनमधल्या दुरुस्तीचा अर्ज भरा आणि नाव आधारप्रमाणे अक्षरशः तसंच लिहा. इथे एक नेहमीची चूक होते: वडिलांच्या नावाच्या रकान्यात नवऱ्याचं नाव लिहिलं जातं. अर्जदाराच्या स्वतःच्या मधल्या नावात ‘रोहन’ येईल, पण वडिलांच्या रकान्यात लग्नानंतरही ‘विलास जाधव’च राहतात.

मग बँक

ज्या बँकेत कर्ज किंवा कार्ड आहे, तिथे आधी जा. बचत खात्याची बँक नंतर. आधार अजून जुन्याच नावाचं आहे म्हणून काउंटरवरून परत पाठवलं, तर रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांकडे बोट दाखवा. ओळखपत्र दिल्यानंतर नाव बदललं असेल, तरी राज्य सरकारने दिलेला विवाह दाखला किंवा राजपत्र सोबत असेल तर ते ओळखपत्र ग्राह्य आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

नाव बदलतानाच नवी सही द्या, नाहीतर पुढचा चेक सही जुळत नाही म्हणून परत येईल. आणि एक प्रश्न आवर्जून विचारा: ‘माझे किती कस्टमर आयडी आहेत?’ सासरच्या गावातल्या शाखेत नव्या नावाने खातं उघडलं असेल, तर एकाच बँकेत दोन आयडी असण्याची शक्यता मोठी. दोन्ही एकत्र करण्याचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. हे न करता फक्त बचत खात्यावरचं नाव बदललं, तर कर्ज जुन्या आयडीवर तसंच राहतं आणि क्रेडिट कंपनीकडे जुनीच माहिती जात राहते.

स्नेहाचं कर्ज बंद झालेलं असल्यामुळे तिला जरा जास्त खटपट आहे. बंद खात्याकडे शाखेत कुणी वळून बघत नाही. तिने कर्जखात्याचा क्रमांक, कर्ज फिटल्याचं पत्र, पॅन, विवाह दाखला आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडावं. अर्जात मागणी नेमकी हवी: ‘या खात्याला माझा पॅन जोडून दुरुस्त माहिती चारही क्रेडिट कंपन्यांना पाठवावी.’ सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या त्या चार. नुसतं ‘सिबिल नीट करा’ असं लिहिलेला अर्ज टेबलावरच राहतो.

शेवटी रिपोर्ट

या चौघींपैकी प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. १ जानेवारी २०२५ पासून बँकांनी किमान दर पंधरा दिवसांनी माहिती पाठवायची आहे, तरी बँकेतल्या दुरुस्तीनंतर महिनाभर थांबून मगच रिपोर्ट काढा. आधी नाव, जन्मतारीख, पॅन बघा, मग एकेक खातं. कुलकर्णी, पाटील, जाधव अशा आडनावांत उलटा घोळही होतो: तुमच्याच नावाच्या दुसऱ्या बाईचं कर्ज तुमच्या रिपोर्टमध्ये येऊन बसतं. न उघडलेलं खातं दिसलं तर ‘हे खातं माझं नाही’ म्हणून ऑनलाइन तक्रार करा. हरवलेलं खातं असेल तर बँकेची पोच जोडून तक्रार करा. क्रेडिट कंपनी स्वतःहून काहीच बदलत नाही, बँकेने दुजोरा दिला तरच बदलते. म्हणूनच बँकेचं काम आधी.

तक्रारीच्या तारखेची नोंद ठेवा. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद एप्रिल २०२४ पासून लागू आहे. त्यातले २१ दिवस बँकेचे. त्यात तिने माहिती दिली नाही तर भरपाई तिने द्यायची. ३० दिवसांनंतरही काही हललं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. क्रेडिट कंपन्याही त्याच्या कक्षेत आहेत.

या सगळ्या काळात नव्या कर्जाचा अर्ज करू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टमध्ये नोंदली जाते, आणि ती अर्धवट नावाच्या फायलीवर नोंदली गेली तर गुंता वाढतो. गृहकर्जाची घाई असेलच, तर बँकेच्या अधिकाऱ्याला जुन्या कर्जाचा खातेउतारा आणि फेडीचं पत्र आधीच दाखवा. काही बँका रिपोर्टमध्ये नसलं तरी ते विचारात घेतात. आणि आयकर परताव्याचं लक्षात असू द्या: बँकेतलं नाव पॅनशी जुळत नसेल तर आयकर पोर्टलवर खातं पडताळलं जात नाही आणि पैसे अडकतात. जुलैमध्ये विवरणपत्र भरायचं असेल, तर बँकेची फेरी मार्च-एप्रिलमध्येच उरकून घ्या.