वॉरंटीतली बाईक गल्लीतल्या मिस्त्रीकडे न्यावी का?

पंक्चर, चेनला तेल, केबल टाइट करणे, एवढ्यासाठी खुशाल न्या. पण वॉरंटी संपेपर्यंत ठरलेल्या किलोमीटरची किंवा महिन्यांची सर्व्हिसिंग मात्र अधिकृत सेंटरमध्येच करा. इंजिनाचा क्लेम केला की आधी सर्व्हिसच्या नोंदी बघतात, आणि मधली एक सर्व्हिस चुकलेली असली तर तेवढ्यावरही क्लेम नाकारला जाऊ शकतो.

वॉरंटी संपली की हाताचा चांगला मिस्त्री परवडतो, आणि खरं सांगायचं तर तो गाडी जास्त मन लावून बघतो. फक्त तेल आणि पार्ट स्वतः आणून द्या. समजा, साताऱ्यात मिस्त्रीने गिअरच्या बाईकमध्ये कारचं सुटं ऑइल भरलं. बहुतेक बाईकची क्लच प्लेट इंजिन ऑइलमध्येच बुडालेली असते आणि कारच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. मग यवतेश्वरच्या चढाला इंजिनाचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही. प्लेट घसरतेय, हे ओळखा. डब्यावर ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या तेलाचा ‘जासो एमए’ किंवा ‘एमए २’ हा शिक्का आणि मॅन्युअलमधला ग्रेड आहे ना, ते बघून घ्या. स्कूटरचं ‘एमबी’ ऑइल इथे चालत नाही.

पार्ट कंपनीच्या डीलरच्या काउंटरवर गाडीचा चॅसी नंबर सांगून घ्या. पाकिटावरचा पार्ट नंबर बिलाशी जुळवा आणि जुना पार्ट मिस्त्रीकडून परत मागा.