काळाची उलटसुलट मांडणी असलेली कादंबरी वाचताना प्रकरणवार कालपट कसा तयार करावा

ज्या कादंबरीत कथा सरळ पुढे जात नाही, तिच्यात वाचकाला घटनांपेक्षा त्यांचा क्रम अधिक अडवतो. कोण मेले, कोण परत आले, हे कळलेले असते. परंतु आपण आत्ता त्या मृत्यूच्या आधी आहोत की नंतर, हे ठरवता येत नाही. अशा वेळी कागदावर केलेला साधा कालपट फार उपयोगी पडतो. तो करण्याची रीत अरुंधती रॉय यांच्या ‘द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज’ या कादंबरीच्या आधारे पाहू. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या आणि त्याच वर्षी बुकर पारितोषिक मिळालेल्या या कादंबरीत एकवीस प्रकरणे आहेत, आणि केरळमधील आयेमेनेम या गावातले एक कुटुंब तिच्यात दोन काळांत दिसते. सोफी मॉल या लहान मुलीचा मृत्यू लेखिकेने पहिल्याच प्रकरणात सांगितलेला असल्यामुळे पुढील उदाहरणांनी कोणाचे कुतूहल मारले जाणार नाही.

एक मोठा कागद आडवा धरून त्यावर चार रकाने आखावेत: प्रकरण आणि पान, कथेतील काळ, तो काळ कशावरून ठरवला, आणि काय घडते. शेवटच्या रकान्यात एका ओळीहून अधिक लिहू नये. कथेचा गोषवारा लिहू लागल्यास दोन-तीन प्रकरणांतच कंटाळा येतो आणि तक्ता अर्धवट राहतो. सर्वांत महत्त्वाचा रकाना तिसरा आहे, कारण पुढे एखादी नोंद चुकीची वाटली, तर ती कोणत्या खुणेवर उभी होती हे तिथेच सापडते. नोंदी पेन्सिलीने कराव्यात आणि प्रकरण वाचून संपल्यावरच कराव्यात. प्रत्येक पानाला थांबल्यास गद्याची लय तुटते, आणि या कादंबरीत ती लय गमावणे हे मोठेच नुकसान आहे.

प्रत्येक प्रकरणासाठी आधी एकच गोष्ट ठरवावी: हे प्रकरण कोणत्या काळात पाय रोवून उभे आहे? आठवणीत कितीही दूर गेले तरी ते जिथे परत येते, तो त्याचा मुख्य काळ. त्याची नोंद ठळक करावी आणि आठवणींच्या नोंदी तिच्याखाली, थोड्या आत सरकवून लिहाव्यात. पहिल्या प्रकरणाचा मुख्य काळ म्हणजे जूनच्या पावसात राहेल आपल्या जुळ्या भावाला, एस्थाला, भेटायला आयेमेनेमला परतते तो काळ. त्याच्या पोटात जुळ्यांचा जन्म, सोफी मॉलचा अंत्यविधी, एस्थाला वडिलांकडे पाठवणे, राहेलचे शिक्षण आणि लग्न असे बरेच काही येते. या सगळ्यांची वर्षे लगेच शोधत बसू नये. काळाच्या रकान्यात केवळ ‘अंत्यविधीच्या आधी’ किंवा ‘नंतर’ एवढेच लिहावे. दुसऱ्या प्रकरणाच्या आरंभीच १९६९ सालचा डिसेंबर स्पष्ट सांगितला आहे, आणि तिथे कुटुंब आकाशी रंगाच्या प्लिमथ मोटारीतून कोचीनला निघालेले आहे. ही पहिली पक्की तारीख हाती आल्यावर मागे वळून पहिल्या प्रकरणातील नोंदी तिच्याशी जोडाव्यात.

या दुसऱ्या प्रकरणात एक अडचण येते, आणि नवा वाचक बहुधा तिथेच वाट चुकतो. मोटार रेल्वे फाटकापाशी थांबते, कामगारांचा मोर्चा येतो, आणि मधल्या पानांत जुळ्यांची आई अम्मू हिचे लग्न, आजोबा पप्पाची यांचे पतंग या कीटकाविषयीचे शल्य, मामा चाको याचे ऑक्सफर्ड हे सारे येऊन जाते. पाने पुष्कळ उलटली म्हणून काळही पुष्कळ सरकला असे वाटते. प्रत्यक्षात मोटार त्याच दिवशी, त्याच रस्त्यावर असते. म्हणून मुख्य नोंदीपुढे ‘एक दिवस’ असे लिहावे. किती पानांत किती काळ गेला, हे अशा रीतीने सर्वत्र टिपले, तर लेखिका कोणत्या दिवसांपाशी रेंगाळते हे तक्त्यातूनच दिसू लागते.

वर्ष थेट दिलेले नसेल, तेव्हा वयांचा आधार घ्यावा. जुळ्यांचा जन्म चीनबरोबरच्या युद्धाच्या वेळचा, म्हणजे नोव्हेंबर १९६२ चा आहे. त्यामुळे डिसेंबर १९६९ मध्ये ती नुकतीच सात वर्षांची झालेली असतात, आणि कादंबरीही त्यांना सात वर्षांचीच म्हणते. मात्र हे गणित नेहमी इतके चोख जुळत नाही. राहेल परतते तेव्हा ती एकतीस वर्षांची आहे, आणि भावंडांची ताटातूट होऊन तेवीस वर्षे झाली आहेत असे सांगितले आहे. तेवीस वर्षे मोजल्यास १९९३ चा जून येतो. परंतु नोव्हेंबरमध्ये जन्मलेली राहेल त्या जूनमध्ये तीसच वर्षांची असेल. अशा ठिकाणी दोन्ही हिशेब तिसऱ्या रकान्यात लिहून काळाच्या रकान्यात ‘१९९३ च्या सुमारास’ असे नोंदवावे. आपण चुकलो असे समजून आधीच्या नोंदी खोडू नयेत, कारण ही विसंगती मजकुरातच आहे आणि कथा समजण्यात तिची आडकाठी होत नाही.

आठवे प्रकरण संपले की दुसरा कागद घ्यावा. त्यावर एक आडवी रेघ काढून पहिल्या तक्त्यातील मुख्य नोंदी काळाच्या क्रमाने मांडाव्यात आणि प्रत्येकीवर प्रकरणाचा क्रमांक लिहावा. इथपर्यंतची सम क्रमांकांची प्रकरणे १९६९ मध्ये आणि विषम क्रमांकांची नंतरच्या काळात उभी आहेत, हे तेव्हा एका दृष्टिक्षेपात दिसते. नंतर ही पाळी मोडते आणि १९६९ चे पारडे जड होत जाते. ती कुठे मोडते, हे स्वतःच्या रेघेवर पाहण्यात खरा आनंद आहे.

एकच घटना अनेकदा येत असेल, तर तिला ‘अ’, ‘आ’ असे अक्षर द्यावे आणि पुढे ती आली की अक्षर लिहून त्या वेळी नवे काय कळले तेवढेच टिपावे. सोफी मॉलचा मृत्यू पहिल्या प्रकरणात कळतो, पण तो कसा घडला हे तुकड्यातुकड्यांनी उलगडते. एका अक्षराखालच्या नोंदी सलग वाचल्या, की कोणती माहिती आपल्यापासून किती वेळ राखून ठेवली होती ते समजते. तारीख नसलेली वाक्येही भेटतील. या साऱ्याची सुरुवात हजारो वर्षांपूर्वी झाली असेही म्हणता येईल, असा विचार पहिल्या प्रकरणाच्या शेवटी येतो. त्याला रेघेवर ओढूनताणून जागा देऊ नये, समासात लिहून ठेवावे.

शेवटच्या प्रकरणासाठी रेघेच्या उजव्या टोकाला जागा राखू नये. एकविसावे प्रकरण सोफी मॉल घरी आली त्या दिवसाच्या रात्री सुरू होते आणि त्यानंतरच्या तेरा रात्रींपर्यंत पसरते, म्हणजे त्याची जागा आठव्या प्रकरणाच्या जवळ आहे. ते ठिपक्याने न दाखवता तेवढ्या रात्री व्यापणाऱ्या जाड पट्टीने दाखवावे, आणि त्याच दिवसांतील दुपारच्या व संध्याकाळच्या घटना, ज्या आधीच्या प्रकरणांत येऊन गेल्या आहेत, त्या पट्टीखाली लिहाव्यात.