पाटी ब्रँडची, बिल कुणाचं? ऑनलाइन विक्रेता अधिकृत आहे का, हे कसं तपासावं

हेडफोनचा उजवा कान सात महिन्यांत मुका झाला, तेव्हा मी निर्धास्तपणे कंपनीच्या सेवा केंद्राला बिल पाठवून दिलं. उत्तर आलं: हेडफोन अस्सल आहे, पण बिलावरचा विक्रेता आमच्या यादीत नाही, म्हणून वॉरंटी लागू होणार नाही. मी तर ब्रँडच्याच दुकानातून घेतला होता! निदान मला तसं वाटत होतं, कारण वस्तूच्या नावापाशीच ब्रँडच्या स्टोअरची लिंक दिसत होती.

त्या लिंकमुळेच बहुतेकांची गफलत होते, म्हणून आधी तिचं काम समजून घेऊ. अॅमेझॉनसारख्या साइटवर एका वस्तूचं साधारणपणे एकच पान असतं आणि तीच वस्तू विकणारे अनेक विक्रेते त्या एकाच पानाला जोडलेले असतात. फोटो, वर्णन, तारे, अभिप्राय हे सगळं सामाईक. `Visit the … Store` ही लिंक ब्रँडने सजवलेल्या दालनाकडे नेते, पण ती वस्तूच्या पानावर असते, विक्रेत्याच्या नव्हे. खरेदीच्या बटणामागे त्या क्षणी कोण उभा आहे, हे साइटची यंत्रणा किंमत, साठा, पोहोचवण्याचा वेळ वगैरे बघून ठरवते. सकाळी ब्रँड स्वतः, तर संध्याकाळी कुणी तिसराच, असंही होतं.

आधी `Sold by` शोधा

खरेदीच्या बटणाच्या आसपास दोन ओळी असतात: `Ships from` आणि `Sold by`. पहिली ओळ माल कुठल्या गोदामातून निघणार ते सांगते, दुसरी तो कोण विकतंय ते. पहिल्या ओळीत साइटचंच नाव दिसलं की लोक निश्चिंत होतात. पण विक्रेते आपला माल साइटच्या गोदामात ठेवू शकतात, त्यामुळे खोकं साइटचं आणि माल भलत्याचाच, हे अगदी रोजचं आहे. आपल्या कामाची ओळ दुसरी.

ती वाचण्याआधी रंग, माप आणि नगांची संख्या निवडून घ्या. समजा, काळ्या रंगाचा हेडफोन ब्रँड स्वतः विकतोय. तुम्ही निळ्यावर बोट ठेवलंत, की पान तेच राहतं, फोटो बदलतो आणि विक्रेत्याचं नाव गुपचूप बदलू शकतं. माझं नेमकं हेच झालं होतं. काळ्याचा विक्रेता तपासला आणि घेतला निळा.

मग त्या नावावर क्लिक करा

विक्रेत्याच्या पानावर व्यवसायाचं नोंदणीकृत नाव आणि पत्ता बघायला मिळतो. अमेरिकेत 27 जून 2023 पासून लागू झालेल्या INFORM Consumers Act ने मोठ्या प्रमाणावर विकणाऱ्या विक्रेत्यांची ओळख पडताळणं साइटना बंधनकारक केलं आहे. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यातही तशीच तरतूद आहे. पण ही पडताळणी विक्रेता खरोखर अस्तित्वात आहे एवढंच सांगते; ब्रँडने त्याला परवानगी दिली आहे की नाही, हे त्यातून कळत नाही.

दुकानाच्या नावात ब्रँडचं नाव असलं तरी हुरळून जाऊ नका. नावापुढे ‘ऑफिशियल’ किंवा ‘डायरेक्ट’ जोडायला फारसं काही लागत नाही. त्यापेक्षा तो आणखी काय काय विकतो ते पाहा. हेडफोन, पडदे, कुत्र्याचे पट्टे आणि प्रोटीन पावडर एकाच ठिकाणी असेल, तर तो जिथे स्वस्त मिळेल तिथून उचलून विकणारा व्यापारी असण्याची शक्यता मोठी. असा व्यापारी चोरच असतो असं नाही. दुसऱ्या देशासाठी बनलेला किंवा दुकानाने बंद होताना काढून टाकलेला माल अस्सलच असतो. अडचण येते ती वॉरंटी मागताना. अभिप्रायही इथलेच वाचा, वस्तूच्या पानावरचे नाहीत, कारण तिथले पाच तारे दुसऱ्याच विक्रेत्याने मिळवलेले असू शकतात.

आता साइटच्या बाहेर पडा

खरा निकाल लागतो तो इथे. ब्रँडच्या वेबसाइटचा पत्ता स्वतः टाइप करा. शोधनिकालांतल्या जाहिरातीवरून जाऊ नका. तिथे तळाशी किंवा मदत विभागात `Where to buy` किंवा `Authorized retailers` अशा नावाचं पान शोधा. काही ब्रँड साइटगणिक विक्रेत्याचं नेमकं नावही देतात. ते तुमच्याकडच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळवा. एक जास्तीचं अक्षर किंवा मधलीच एखादी रेघ असली तर तो वेगळा विक्रेता समजा.

यादीत फक्त साइटचंच नाव असेल, तर त्याचा अर्थ बहुधा ‘साइट स्वतः विकत असेल तेव्हा’ असा असतो. त्या साइटवरचे सगळे विक्रेते त्यात येत नाहीत. शंका उरलीच तर ब्रँडच्या ग्राहकसेवेला विक्रेत्याचं नाव आणि पानाची लिंक पाठवा आणि एकच प्रश्न विचारा: यांच्याकडून घेतल्यास तुमची वॉरंटी मिळेल का? लेखी आलेलं उत्तर जपून ठेवा.

सगळ्या साइटची रचना अशी नसते, हेही सांगायला हवं. चीनमधल्या टीमॉलवर पान वस्तूचं नसून दुकानाचं असतं आणि दुकानाचे प्रकार ठरलेले आहेत. ब्रँडचं मुख्य दुकान, एकाच ब्रँडचं परवानाधारक दुकान आणि अनेक ब्रँड विकणारं दुकान हे तीन वेगवेगळे. तिथे पाटी वाचण्याला अर्थ आहे. अॅमेझॉनच्या पानावर तीच सवय महागात पडते.

पैसे भरण्याआधी आणि खोकं आल्यावर

कार्टमध्ये विक्रेत्याचं नाव पुन्हा एकदा वाचा, विशेषतः वस्तू दोन-चार दिवस कार्टमध्ये पडून असेल तर. ऑर्डर झाल्यावर बिल उतरवून घ्या. वॉरंटी मागताना हेच बिल पाहिलं जातं.

खोकं आलं की लगेच सीरियल नंबर ब्रँडच्या वेबसाइटवर टाका. खोक्यावरचा आणि वस्तूवरचा नंबर एकच आहे ना, तेही पाहा. काही ब्रँडच्या पानावर वॉरंटी कधी सुरू झाली ते दिसतं. तुम्ही काल घेतलेल्या हेडफोनची वॉरंटी पाच महिन्यांपूर्वीच सुरू झाली असेल, तर तो आधी कुणीतरी घेतलेला असू शकतो. नंबर बरोबर निघाला म्हणून माल खराच असंही नाही, कारण खऱ्या खोक्यावरचा नंबर नकली खोक्यांवर छापला जातो. अॅमेझॉनच्या Transparency योजनेतल्या वस्तूंवर प्रत्येक नगाचा वेगळा कोड असतो आणि तो अॅपने स्कॅन करता येतो. नकलीपणा पकडायला तो चांगला, पण विक्रेता अधिकृत आहे का, याचं उत्तर त्यातही नाही. माझा हेडफोन त्या कसोटीलाही उतरला असता.

हे सगळं परतीची मुदत संपण्याआधी करा. नाव यादीत नाही असं आढळलं, तर खोकं फेकू नका, सील आणि नंबराचे फोटो काढा आणि परतीचं कारण लिहिताना ‘आवडलं नाही’ असं न लिहिता ‘विक्रेता अधिकृत नाही, ब्रँड वॉरंटी देत नाही’ असं स्पष्ट लिहून ब्रँडचं लेखी उत्तर सोबत जोडा.