कॅशलेसची क्वेरी तीनदा आली, शेवटी अशी सुटली (माझा अनुभव)

आईचं डावा गुडघा बदलायचं ऑपरेशन, पुण्यातलं छोटं हॉस्पिटल, खर्चाचा अंदाज मराठीत हातानं लिहिलेला, आणि विमा कंपनीच्या वतीनं क्लेम तपासणाऱ्या टीपीएला इंग्रजी हवं. मी ओळीला ओळ भाषांतर करून दिलं तर तीनदा एकच क्वेरी, खर्चाचा ब्रेकअप जुळत नाही. शब्द बदलून पाहिले, नोटरी केली, उपयोग शून्य. दोन रात्री झोप नाही.

घोळ एका शब्दात होता. "साहित्य ९२,०००" चं मी 'मटेरियल' केलेलं, पण त्यात ७४,००० चा इम्प्लांट आणि १८,००० चे कन्झ्युमेबल्स होते, आणि कन्झ्युमेबल्समधले ग्लोव्ह्जसारखे आयटम बऱ्याच पॉलिसीत कापले जातात, म्हणून ते वेगळे दिसावेच लागतात.

मग आधी कॅशलेसच्या आगाऊ मंजुरीच्या, म्हणजे प्री-ऑथ फॉर्मचे रकाने समोर ठेवले (रूम व नर्सिंग, तपासण्या, ओटी, सर्जन-भूलतज्ज्ञ फी, औषधं-इम्प्लांट), बिलिंगवाल्या ताईंकडून प्रत्येक ओळ फोडून घेतली आणि फॉर्मच्याच इंग्रजी नावाखाली बसवली. ऑपरेशनच्या कोडचं भाषांतर करायचं नाही, ते जसेच्या तसे उतरवायचे. आमच्या फॉर्मवर मात्र 0SRC ने सुरू होणारा कोड पडलेला, तो उजवा गुडघा, डाव्याचा 0SRD ने सुरू होतो, म्हणून तो डॉक्टरांकडूनच दुरुस्त करून सही घेतली. बेरीज मूळ कागदाशी रुपयापर्यंत जुळवली, दोन्हींवर हॉस्पिटलचा शिक्का, आणि मूळ व भाषांतर एकाच पीडीएफमध्ये इन्शुरन्स डेस्ककडून अपलोड. संध्याकाळी मंजुरी आली.