एक लाख पट की हजार पट? टीईएमवरचं माझं पहिलं वर्ष

एमएस्सी संपल्यावर पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप, म्हणजे टीईएम, चालवायला माणूस हवा होता. मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, "साध्या सूक्ष्मदर्शकापेक्षा याची विभेदनक्षमता किती पट?" बारावीत 50 किलोव्होल्टच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची पिवळ्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाशी तुलना करायचं गणित घोटलं होतं, त्यामुळे मी छातीठोकपणे म्हणालो, "एक लाख पट." समोरच्या मॅडम हसल्या. "मग आमच्या मशीनवर किती दिसायला हवं, तेही काढा." साध्या सूक्ष्मदर्शकाला 240 नॅनोमीटरपर्यंतचं वेगळं दिसतं, त्याला फळ्यावर एक लाखाने भागलं आणि उत्तर आलं 0.0024 नॅनोमीटर. सोन्याचा एक अणू साधारण 0.29 नॅनोमीटरचा. म्हणजे माझ्या हिशोबाने अणूचा शंभरावा भागही वेगळा दिसायला हवा होता. नोकरी मिळाली, पण तो फळा अजून आठवतो. या कामाकडे वळणाऱ्यांनी तो हिशोब एकदा स्वतः करून बघावा, म्हणून लिहितोय.

गणित असं. इलेक्ट्रॉनला V व्होल्टचा विभवांतर देऊन पळवला की त्याची गतिज ऊर्जा eV होते, त्यातून संवेग मिळतो, आणि डी ब्रॉग्लीच्या सूत्राने तरंगलांबी:

```
λ = h / √(2meV) ≈ 1.227 / √V  (nm)
```

50,000 व्होल्टला वर्गमूळ 223.6, म्हणून λ आली 0.0055 नॅनोमीटर. पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी 590 नॅनोमीटर. भागाकार केला की एक लाखाच्या थोडं वर. इथे नव्या मुलांची एक चूक हमखास होते: इलेक्ट्रॉनलाही प्रकाशाचं E = hc/λ हे सूत्र लावतात. त्याने 50 किलोव्होल्टला 0.025 नॅनोमीटर येतं, म्हणजे चौपटीहून जास्त. ती त्याच ऊर्जेच्या क्ष-किरणाची तरंगलांबी झाली. इलेक्ट्रॉनला वस्तुमान आहे, त्याचा संवेग E/c नसतो. आणि आमचं मशीन 200 किलोव्होल्टचं. तिथे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या सुमारे 70 टक्के वेगाने धावतो, त्यामुळे वरचं साधं सूत्रही कमी पडतं. ते 2.74 पिकोमीटर सांगतं, सापेक्षतेची दुरुस्ती केली की खरी किंमत 2.51 पिकोमीटर येते. आता हिरव्या प्रकाशाशी, म्हणजे 550 नॅनोमीटरशी, तुलना केली तर गुणोत्तर दोन लाखांच्याही पुढे जातं. म्हणजे माझं उत्तर फळ्यावर आणखीच फुगायला हवं होतं.

गोम त्या गणितातल्या एका वाक्यात आहे, जे आपण वाचतो आणि विसरतो: "न्यूमरिकल अपर्चर वगैरे बाकी गोष्टी साधारण सारख्याच धरा." न्यूमरिकल अपर्चर म्हणजे भिंग किती रुंद कोनातले किरण गोळा करतं त्याचं माप. या गोष्टी दोन्हीकडे सारख्या नसतात, आणि फरक थोडाथोडका नाही.

विभेदनाची मर्यादा 0.61 λ भागिले न्यूमरिकल अपर्चर. प्रकाशाच्या चांगल्या ऑइल इमर्शन भिंगाचं अपर्चर 1.4 असतं. भिंग नमुन्यापासून निघालेला किरण जवळजवळ 67 अंशांपर्यंत गोळा करतं. त्यातून मर्यादा येते 240 नॅनोमीटर. टीईएमच्या चुंबकीय भिंगात हा कोन 10 मिलिरेडियनच्या आसपास, म्हणजे अर्ध्या अंशाहून किंचित जास्त. अपर्चर 0.01. तरंगलांबीत दोन लाखांची कमाई झाली, आणि कोनात 140 पट परत द्यावी लागली. 0.61 गुणिले 2.51 भागिले 0.01 केलं की 153 पिकोमीटर, म्हणजे 0.15 नॅनोमीटर.

"मग कोन मोठा का ठेवत नाही?" हा प्रश्न मी पहिल्या आठवड्यात विचारला. उत्तर भिंगाच्या दोषात आहे. कडेने जाणारे इलेक्ट्रॉन मधल्यांपेक्षा जास्त वळतात आणि अलीकडेच एकत्र येतात. हे गोलीय विपथन. त्याने होणारा धूसरपणा कोनाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. कोन दुप्पट केला तर विवर्तनाचा धूसरपणा निम्मा होतो, पण विपथनाचा आठपट. काचेच्या भिंगात बहिर्वक्र आणि अंतर्वक्र भिंगं जोडून हा दोष मारता येतो. इलेक्ट्रॉनच्या गोल, सममित भिंगाला हा दोष नेहमी एकाच चिन्हाचा असतो, हे ओटो शेर्झर यांनी 1936 मध्ये दाखवलं. म्हणून मग दोन्ही धूसरपणांचा तोल साधायचा, फोकस थोडा मुद्दाम कमी ठेवून. आमच्या भिंगाचा विपथन गुणांक 1.2 मिलिमीटर. त्यावरून सर्वोत्तम विभेदन येतं 0.24 नॅनोमीटर. 240 नॅनोमीटरच्या समोर 0.24. बरोब्बर हजार पट. मॅडमना हवं होतं ते उत्तर हे.

गंमत म्हणजे या यंत्राचा जनक एर्न्स्ट रुस्का यालाही सुरुवातीला डी ब्रॉग्लीच्या लाटा ठाऊक नव्हत्या. कळल्यावर त्याचा हिरमोड झाला, इथेही तरंगलांबी आडवी येणार म्हणून. मग आकडा काढला आणि ती प्रकाशापेक्षा सुमारे लाखपट छोटी निघाल्यावर जीव भांड्यात पडला. 1932 मध्ये नोल आणि रुस्का यांनी 75 किलोव्होल्ट आणि छोटा कोन धरून मर्यादा वर्तवली 0.22 नॅनोमीटर. म्हणजे ते दोघे कोन विसरले नव्हते, मी विसरलो होतो.

शेर्झरच्या निष्कर्षातून वाट काढायला बराच काळ गेला. सममिती मोडणारी बहुध्रुवी भिंगं लावून 1998 मध्ये जर्मनीत हायडर, रोझे, उर्बान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 200 किलोव्होल्टच्या यंत्राचं विभेदन 0.24 वरून 0.14 नॅनोमीटरच्या खाली आणलं. व्होल्टेज तेच, तरंगलांबी तीच. आमच्याकडे विपथन दुरुस्त करणारा असा करेक्टर नाही.

आता खुर्चीत बसल्यावरची गोष्ट. पहिल्या महिन्यात मला कार्बनच्या जाळीवरचे सोन्याचे कण दिले होते. सोन्यातल्या अणूंच्या (111) प्रतलांमधलं अंतर 0.235 नॅनोमीटर, ती प्रतलं फोटोत पट्ट्यांसारखी दिसली की मशीन नीट आहे. होल्डर आत सरकवला, व्हॅक्यूम आला, आणि मी लगेच फोटो काढायला घेतले. काही कणांत पट्टे स्वच्छ, काहींत अजिबात नाहीत. मला वाटलं फोकस चुकला. नीट पाहिल्यावर लक्षात आलं की दिसणारे सगळे पट्टे एकाच दिशेचे होते, आडवे. उभे कुठेच नव्हते. म्हणजे नमुना आडवा सरकत होता. पट्ट्याच्या लांबीच्या दिशेने सरकलं तर काही बिघडत नाही, पट्ट्यांना काटकोनात कापत सरकलं की सगळं एकमेकांत मिसळतं. एका सेकंदाच्या फोटोत 0.1 नॅनोमीटर सरकलं तरी खेळ संपला. होल्डर तासभर स्थिरावू दिला आणि उभे पट्टेही आले.

सगळ्याच दिशांत गडबड असेल, तर कणांवरून नजर काढून नुसत्या कार्बनच्या फोटोचा एफएफटी बघा, म्हणजे फोटोत किती बारीक तपशील कोणत्या दिशेला आहेत त्याचा नकाशा. वर्तुळाकार कडी दिसायला हवीत. ती अंड्यासारखी लांबट दिसली तर भिंगात ॲस्टिग्मॅटिझम आहे, म्हणजे ते सगळ्या दिशांना सारखं फोकस करत नाही, स्टिग्मेटर फिरवून ती गोल करायची. हे शिकायला मला तीन आठवडे लागले, कारण मी आधी कणांवरच फोकस करत बसायचो.

आणखी एक. यंत्राच्या माहितीपत्रकात विभेदनाचे दोन आकडे असतात, पॉइंट आणि लाइन. लाइनचा आकडा नेहमी देखणा असतो, कारण पट्टे नुसते उमटायला कमी लागतं. दोन शेजारचे ठिपके विश्वासाने वेगळे सांगायला जास्त लागतं. आमच्या यंत्रावर सोन्याचे 0.204 नॅनोमीटरचे (200) पट्टेही दिसतात, तरी पॉइंट विभेदन 0.24 च राहतं. मुलाखतीत विचारलं तर पॉइंटचाच आकडा सांगा, आणि सोबत व्होल्टेज व कोनही.