डोकं वामचं, शेपटी सापाची

मच्छीमारांच्या जाळ्यात आलेल्या मालाच्या फोटोंवरून सागरी साप आणि वाम, म्हणजे सापासारखा लांबट मासा, वेगळे काढायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. बसायचे वडोदऱ्यात, समुद्रापासून दीड-दोन तास लांब. फोटो यायचे जाफराबाद आणि उमरगावच्या बंदरांवरून, व्हॉट्सॲपवर, बहुतेक पहाटे. वल्ह्यासारखी चपटी शेपटी म्हणजे सागरी साप, पाठीवर लांब पर म्हणजे वाम, हे तुम्हाला माहीत असणारच. मलाही माहीत होतं, आणि नेमकी त्यातच फसले.

फोटो असा होता. निळा क्रेट, त्यात बोंबलांचा ढीग, मधेमधे जवळा. डाव्या कोपऱ्यातून एक डोकं बाहेर आलेलं: लांब जबडा, मोठा डोळा, समोर सुळ्यासारखे दात. वाम, शंकाच नाही. तिचं रुपेरी करडं अंग वीतभर दिसत होतं, मग बोंबलांखाली जात होतं. उजवीकडे ढिगातून तशाच करड्या रंगाचं अंग बाहेर येत होतं आणि त्याच्या टोकाला चपटी शेपटी होती. मी मनातल्या मनात दोन्ही तुकडे जोडले. वामचे पाठीवरचे आणि पोटाखालचे पर शेपटीच्या टोकाला एकमेकांना मिळतात, त्यामुळे टोक चपटं दिसायचंच, असं स्वतःला समजावलं. सरांना दाखवला. त्यांनी दोन सेकंद बघून ‘हो, वाम’ म्हटलं. (फोटो मोठा करून न बघता जो उत्तर देतो तो कितीही मोठा माणूस असो, त्याचं उत्तर वहीत लिहू नका. त्या दिवसापासून माझं हे मत आहे आणि ते बदललेलं नाही.) नोंद झाली: वाम, एक.

तक्त्यात लांबीचा रकाना रिकामा होता म्हणून मी फोटो पाठवणाऱ्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, ‘‘बेन, कोनी लंबाई? ए तो बे हता.’’ दोन होते. दुसरा साप होता आणि खलाशांनी तो काठीने उचलून पाण्यात टाकलाही होता. फोटो त्याने सापासाठीच काढला होता.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. तोवरच्या चाळीसेक नोंदी पुन्हा तपासल्या, त्यातल्या सहा ‘ठरवता येत नाही’मध्ये टाकाव्या लागल्या. तुमचंही असं होईल. झालं तर लपवू नका, तक्त्यात दुरुस्ती तारखेसकट ठेवा. या कामाच्या पहिल्या वर्षात हे सगळ्यांचं होतं.

आता तोच फोटो पुन्हा बघू, कारण उत्तर त्यातच होतं. लॅबमधल्या एका ताईंनी मला स्क्रीनवर बोट ठेवायला लावलं. डोक्यापासून निघायचं, अंगाच्या कडेने बोट फिरवायचं आणि अंग कशाखाली गेलं की बोट उचलायचं. बोट उचललं तिथे तो प्राणी संपला. पलीकडे जे दिसतं तो, सिद्ध होईपर्यंत, दुसरा प्राणी. ऐकायला हे बालिश वाटतं. पण आपला डोळा तुटलेली रेघ आपोआप जोडतो, आणि दोन्ही अंगं करडी असली की जरा जास्तच खुशीने जोडतो. ढिगाच्या फोटोत आधी डोकी मोजा, मग शेपट्या मोजा, आणि प्रत्येक तुकड्याला फक्त त्या तुकड्यात जे दिसतं त्यावरून नाव द्या.

डाव्या तुकड्यात पाठीवर एक उभी घडी होती आणि तिला काळी किनार होती. तो वामचा पर. आपल्याकडच्या बाजारात येणाऱ्या एका वामच्या परांना अशी काळी किनार असते आणि ती पाठीवरून थेट शेपटीच्या टोकापर्यंत जाते. उजवं टोक खरंच तिचं असतं तर किनार तिथेही दिसायला हवी होती. नव्हती. ती का नाही, हा प्रश्न मी विचारलाच नाही.

दुसरं, जाडी. वामचं गुदद्वार शरीराच्या निम्म्याच्या आसपास, बरंच पुढे असतं. तिथून मागे सगळी शेपटीच, आणि ती हळूहळू निमुळती होत जाते. सागरी सापाचं उलट असतं: अंग जवळजवळ शेवटपर्यंत गोल आणि जाड, मग गुदद्वार, आणि तिथून पुढे एकदम चपटी, आखूड शेपटी, एकूण लांबीच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी. उजव्या तुकड्यात चपट्या भागाच्या अगदी अलीकडे मनगटाएवढी जाडी होती. इतकं जाड अंग आणि लगेच वल्हं, असं वाममध्ये होत नाही.

तिसरं, शेपटीची कड. वामच्या टोकाला असतो तो पातळ पडदा. उजेडाकडे धरला तर आरपार दिसतो, त्यात बारीक काड्या दिसतात आणि जाळ्यातून आलेल्या माशात तो बहुधा फाटलेला असतो. सापाची शेपटी मांसल असते. आत मणक्यांची हाडं वरखाली लांबलेली असतात, वरून खवले असतात, त्यामुळे कड जाड आणि अखंड. माझ्या फोटोतली कड अखंड होती. अंगावर फिकट आडवे पट्टेही होते, ते मी बोंबलांची सावली समजले. चोचीसारख्या नाकाचा सागरी साप, हायड्रोफिस स्किस्टोसस, पश्चिम किनाऱ्यावर जाळ्यात बराच सापडतो, आणि मोठा झाला की त्याचे पट्टे असेच विटून जातात. तो तोच होता असं मात्र मी आजही म्हणणार नाही. डोकं दिसल्याशिवाय जातीचं नाव लिहू नये.

एक शंका लगेच येईल: वामचा पर दिसलाच नाही तर? ओल्या वामचा पर पाण्याबाहेर अंगाला चिकटतो आणि पाठ पूर्ण गुळगुळीत दिसते. हे मला पुस्तकातून कळलं नाही. वडोदऱ्यातल्या दांडिया बाजारात आमच्या घरी आजी वाम कापायला बसली होती, राख चोळून, कारण त्याशिवाय ती हातात राहत नाही. मी तिच्याकडून मासा मागून घेतला, ओल्या वर्तमानपत्रावर ठेवला आणि पाठीवर पर शोधला. दिसेना. पेन्सिलीचं टोक कडेने सरकवलं तेव्हा तो उभा राहिला, बोटभर रुंद. पेन्सिल काढली, पुन्हा चिकटला. मग परातीत पाणी घालून त्यात सोडली तर आपोआप फुलला. नव्याने येणाऱ्याने लॅबमधल्या बरण्यांत महिना घालवण्यापेक्षा शे-दोनशे रुपयांची वाम आणून अर्धा तास अशी बघावी. बरणीतले मासे आखडलेले असतात, जाळ्यातले तसे नसतात.

म्हणून ‘पर दिसत नाही’ एवढ्यावर साप ठरवू नका. अशा वेळी गळ्याकडे या. वामला कल्ल्याची फट असते, डोक्याच्या थोडं मागे, आणि तिच्या लगेच मागे छोटा जोडीचा पर अंगाला चिकटून बसलेला असतो. सापाला यातलं काही नसतं. त्याच्या डोक्यावर मोठे, जोडीजोडीने बसलेले खवले दिसतात आणि नाकपुड्या वरच्या बाजूला असतात, कारण त्याला श्वासासाठी पाण्यावर यावं लागतं.

खवल्यांचंही एक फसवं रूप आहे. जाळं अंगावर आवळलं की वामच्या मऊ कातडीवर चौकटी उमटतात आणि धूसर फोटोत त्या हुबेहूब खवल्यांसारख्या वाटतात. जाळ्याच्या चौकटी सगळ्या एका मापाच्या असतात आणि आवळलेल्या भागापाशीच थांबतात. खवले अंगभर असतात आणि डोक्याकडे त्यांचं माप बदलतं. व्हॉट्सॲप फोटो दाबून पाठवतं आणि नेमका हाच बारकावा मरतो, म्हणून फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. माझे निम्मे प्रश्न एवढ्यानेच सुटले.

दुसरा फोटो मागायचा असेल तर तो हात न लावता मागा. ‘जरा उलटा करून दाखव’ हे वाक्य मी एकदा बोलले होते, आठवलं की अजून पोटात गोळा येतो. साप बराच वेळ श्वास रोखू शकतो, जाळ्यात मेल्यासारखा पडून राहतो आणि मग हलतो. चावा पुष्कळदा दुखतही नाही, स्नायू आखडणं आणि मग लघवी काळपट होणं अर्ध्या तासापासून काही तासांत सुरू होतं, तोवर माणूस घरी गेलेला असतो. आपल्या दवाखान्यातलं नेहमीचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरशाच्या विषावर बनतं, सागरी सापाच्या विषावर नाही. म्हणून काठी, आकडा, आणि चावल्याची नुसती शंका आली तरी ताबडतोब मोठं रुग्णालय. ओळख चुकायचीच असेल तर वामला साप म्हणण्याकडे चुकू द्या, उलटं नको. तक्त्यात मात्र ‘ठरवता येत नाही’ असंच लिहा.

उथळ पाण्यातले फोटो थोडक्यात सांगते. इंटरनेटवर पट्टेरी सापवाम आणि पट्टेरी सागरी साप शेजारी ठेवलेलं चित्र सगळीकडे फिरतं. ती जोडी प्रवाळांच्या पाण्यातली आहे, खंभातच्या आखाताच्या गढूळ पाण्यात तिचा काही उपयोग नाही. इथे कावी-कंबोईकडच्या चिखलात फसवते ती पिसोडोनोफिस बोरो नावाची सापवाम: मातकट, दोरीसारखी, शेपटीच्या टोकाला पर नाही, टोक कडक आणि टोकदार, कारण ती शेपटीकडूनच चिखलात शिरते. शेपटी चपटी नाही, पर दिसत नाही, मग खाडीतला साप असेल, असं मीही एकदा लिहिलं. तिच्या पाठीवरचा पर सुरू होतो तोच गळ्याजवळच्या छोट्या पराच्या बराच मागे, त्यामुळे डोक्याजवळचा फोटो बिनपराचाच येतो. आणि खाडीत खरोखरच चपट्या शेपटीविना राहणारे साप आहेत, श्वानमुखी पाणसापासारखे, म्हणजे शेपटी इथे दोन्ही बाजूंनी दगा देते.

अशा फोटोत मी आता फक्त गळ्यामागचा दोन बोटं भाग मोठा करून बघते. फट दिसली तर मासा. चिखलाने ती झाकली असेल तर फोटो पाठवणाऱ्याला सांगते, दादा, लांबूनच त्याच्यावर तांब्याभर पाणी ओता आणि परत काढा.